विश्लेषण : गेममधली चकचकीत फरशी मोबाइलला इतकी जड का जाते?

मोबाइलवर एखाद्या गेममधल्या हवेलीत शिरावे किंवा अजून बांधून न झालेला फ्लॅट बिल्डरच्या अ‍ॅपमध्ये ‘फिरून’ पाहावा, तर पायाखालची फरशी बहुधा चकचकीत असते. तीत टेबलाचे पाय, खिडकीचा उजेड आणि छताला टांगलेले झुंबर उलटे दिसते. पाहणाऱ्याला ती फरशीची शोभा वाटते. मोबाइलच्या दृष्टीने मात्र ती जवळजवळ एक संपूर्ण दुसरी खोली असते आणि ती सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावी लागते. हे प्रतिबिंब कसे तयार होते, त्यासाठी किती वेळ खर्ची पडतो आणि फरशीपासून दूर असलेल्या वस्तूंचे प्रतिबिंब मुद्दाम पुसट का केले जाते, याचा आढावा.

प्रतिबिंब आयते का मिळत नाही?

खऱ्या खोलीत प्रतिबिंबाचे काम प्रकाश करतो. मोबाइलवरच्या त्रिमितीय दृश्यात प्रकाश असा फिरत नाही. तिथे खोली म्हणजे लाखो छोट्या त्रिकोणांचा संच असतो. ग्राफिक्स प्रोसेसर एकेक त्रिकोण घेतो, तो पडद्यावर कुठे पडतो हे ठरवतो आणि तेवढे पिक्सेल रंगवतो. फरशीचा त्रिकोण रंगवताना शेजारी टेबल आहे, याचा त्याला पत्ताच नसतो. त्यामुळे फरशीत टेबल दिसायचे असेल, तर ते कोणीतरी वेगळे काढून तिथे आणून ठेवावे लागते.

सुरुवातीच्या काळात हे अगदी शब्दशः केले जाई. १९९६ सालच्या ‘सुपर मारिओ ६४’ या गेममधल्या राजवाड्यात एक आरशाची खोली आहे. तिथे आरसा नाहीच. पलीकडे तशीच उलटी खोली बांधलेली आहे आणि तिच्यात दुसरा मारिओ पहिल्याच्या हालचालींची नक्कल करतो. ही युक्ती चालते, पण आरशामागची जागा रिकामी असावी लागते. फरशीच्या बाबतीत खाली दुसरा मजला असेल, तर उलटी खोली बांधायची कुठे, हा प्रश्न उरतो.

‘प्लेनर रिफ्लेक्शन’मध्ये काय करतात?

या पद्धतीत खोली उलटी न करता कॅमेरा उलटा करतात. ‘प्लेन’ म्हणजे सपाट पृष्ठभाग. पाहणाऱ्याचा डोळा फरशीपासून १.६ मीटर उंच असेल, तर दुसरा कॅमेरा बरोबर त्याच्या खाली, फरशीच्या १.६ मीटर खोल ठेवला जातो आणि तो वर पाहतो. त्याला दिसणारे दृश्य आधी एका वेगळ्या, पडद्यावर न येणाऱ्या चित्रात काढून ठेवतात. मग मूळ दृश्य काढायला घेतात. त्यात फरशीचा पिक्सेल आला, की त्या चित्रातला त्याच जागेचा पिक्सेल उचलून फरशीच्या रंगात मिसळतात.

यात दोन अडचणी हटकून येतात. पहिली म्हणजे कॅमेरा फरशीखाली गेल्यामुळे त्याच्या वाटेत फरशी, पाया, खालच्या मजल्याचे छत असे सगळे येते. फरशीच्या खालचे काहीही या चित्रात येऊ नये, म्हणून फरशीच्या पातळीवर दृश्य कापावे लागते. प्रत्येक पिक्सेलला ‘तू फरशीच्या वर आहेस का’ असे विचारत बसणे महाग पडते. त्यावरची प्रचलित युक्ती एरिक लेंगेल यांनी २००५ मधल्या लेखात तपशिलाने मांडली. प्रत्येक कॅमेऱ्याला ‘याच्या अलीकडचे काही दाखवायचे नाही’ अशी एक जवळची हद्द असते. ती हद्दच तिरकी करून फरशीवर टेकवायची. मग फरशीखालचे सारे आपोआप वगळले जाते आणि वेगळ्या तपासणीची गरज राहत नाही.

दुसरी अडचण उलटेपणाची. आरशात डावे-उजवे बदलते, तसा त्रिकोणाच्या टोकांचा क्रमही बदलतो. प्रोसेसर या क्रमावरूनच त्रिकोणाची पुढची आणि मागची बाजू ओळखतो. तो क्रम फिरवायचा राहिला, तर प्रतिबिंबातल्या वस्तू आतून बाहेर काढलेल्या पिशवीसारख्या दिसतात. खुर्चीची पुढची बाजू गायब होते आणि पोकळ आतली बाजू दिसते.

प्रतिबिंब फरशीत किती मिसळायचे, हे पाहण्याच्या कोनावर ठरते. दगड, काच, टाइल यांवर सरळ वरून पाहिले तर साधारण ४ टक्के प्रकाश परत येतो. अगदी तिरके, उभ्या रेषेपासून ८० अंशांवरून पाहिले, तर हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाते. पायाजवळची फरशी आपल्या रंगाची आणि खोलीच्या टोकाची फरशी आरशासारखी दिसते, ती यामुळे.

यासाठी किती वेळ खर्ची पडतो?

६० फ्रेमच्या गतीसाठी मोबाइलला प्रत्येक चित्रामागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. हिशेबासाठी एक खोली घेऊ. ती एकदा काढायला ग्राफिक्स प्रोसेसरला ९ मिलिसेकंद लागतात असे धरू. त्यातले ३ मिलिसेकंद त्रिकोणांची जागा ठरवण्यात आणि ६ पिक्सेल रंगवण्यात जातात. तेच दृश्य फरशीखालच्या कॅमेऱ्यातून पूर्ण आकारात पुन्हा काढले, तर एकूण १८ मिलिसेकंद होतात. मुदत चुकते. पडद्याच्या ठोक्याशी जुळवून चालणारे अ‍ॅप अशा वेळी पुढच्या ठोक्याची वाट पाहते आणि गती थेट ३० फ्रेमवर येते. एका फरशीपायी गती निम्मी होते.

पहिला उपाय म्हणजे प्रतिबिंबाचे चित्र लहान काढणे. २४०० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी ते १२०० बाय ५४० काढले, तर पिक्सेल सुमारे २६ लाखांवरून साडेसहा लाखांवर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर येतात. रंगवण्याचे ६ मिलिसेकंद दीडवर येतात. पण त्रिकोणांचे ३ मिलिसेकंद तसेच राहतात, कारण चित्र लहान झाले तरी खोलीतले त्रिकोण तेवढेच असतात. एकूण खर्च १३.५ मिलिसेकंद होतो. चित्राचा आकार आणखी कमी करत गेले तरी या ३ मिलिसेकंदांना धक्का लागत नाही, आणि नेमके हेच अनेकदा विसरले जाते.

म्हणून दुसरा उपाय लागतो, तो म्हणजे प्रतिबिंबात कमी वस्तू काढणे. कपाटातली पुस्तके, टेबलावरचे पेन, खिडकीतल्या कुंडीची पाने प्रतिबिंबातून वगळतात. सोफ्याची बारीक नक्षी असलेली प्रत सोडून साधी प्रत वापरतात. त्रिकोणांचा खर्च असा ३ वरून १ मिलिसेकंदावर आणता आला, तर एकूण ११.५ मिलिसेकंद होतात. १६.७ मध्ये १३.५ बसत असताना एवढी काटकसर कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर उष्णतेत आहे. काही मिनिटे खेळल्यावर मोबाइल तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि सुरुवातीला पुरणारा वेळ मग पुरत नाही.

हा सगळा हिशेब एका पातळीचा आहे. एकाच पातळीवर पसरलेल्या फरशा, त्या चार खोल्यांत असल्या तरी, एकाच प्रतिबिंबात भागतात. पण दिवाणखाना एक पायरी खाली असेल, तर दोन पातळ्या होतात आणि खोली तिसऱ्यांदा काढावी लागते. भिंतीवर आरसा लावला, तर चौथ्यांदा.

स्वस्त पर्याय का पुरत नाहीत?

एक पर्याय म्हणजे पडद्यावर आधीच काढलेल्या चित्रातूनच प्रतिबिंब शोधणे. त्याला ‘स्क्रीन स्पेस’ पद्धत म्हणतात. खोली पुन्हा काढावी लागत नाही, हा तिचा फायदा. पण जे पडद्यावर नाही, ते तिला ठाऊक नसते. फरशीत तर नेमकी टेबलाची खालची बाजू आणि छत दिसते. कॅमेरा जरा खाली वळला, की झुंबर पडद्याबाहेर जाते आणि फरशीतूनही विरून जाते. दुसरा पर्याय म्हणजे खोलीचे सहा दिशांचे चित्र आधीच घेऊन ठेवणे. ते फार स्वस्त पडते, पण एका बिंदूवरून घेतलेले असल्याने खुर्चीचा पाय आणि त्याचे प्रतिबिंब एकमेकांना टेकत नाहीत. सामान हवेत तरंगल्यासारखे दिसते. फरशीला टेकलेल्या वस्तू खरोखर टेकलेल्या दिसाव्यात, म्हणून प्लेनर रिफ्लेक्शनचा भार सोसला जातो.

लांबच्या वस्तू पुसट का दिसल्या पाहिजेत?

पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल खऱ्या घरात नीट पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. खुर्चीचा पाय जिथे फरशीला टेकतो, तिथे त्याचे प्रतिबिंब रेखीव असते. जसजसे वर जावे तसे ते विरत जाते. बैठक पुसट दिसते आणि छतावरच्या दिव्याचा तर नुसता ओघळ राहतो.

कारण साधे आहे. पॉलिश कितीही चांगले असले तरी दगडावर डोळ्यांना न दिसणारे उंचसखल राहतेच. त्यामुळे डोळ्यात येणारा एका बिंदूचा प्रकाश खोलीतल्या एकाच बिंदूवरून येत नाही. तो एका अरुंद शंकूतून गोळा होतो. शंकूचे टोक फरशीवर असते आणि वर जाताना तो रुंदावतो. फरशीला टेकलेली वस्तू टोकापाशीच असल्याने रेखीव दिसते. उंच वस्तूपर्यंत शंकू मोठा होतो आणि आजूबाजूचे रंग एकमेकांत मिसळतात. भिंतीवरच्या काचेच्या आरशाची पाठ इतकी गुळगुळीत असते, की हा शंकू जवळजवळ नसतोच. म्हणून आरशाला पुसटपणा लागत नाही, फरशीला लागतो. उलट टोकाला, शहाबादी फरशीवर शंकू इतका रुंद असतो, की प्रतिबिंब ओळखूच येत नाही.

किती पुसट करायचे, हे कसे ठरते?

शंकू वस्तूपाशी किती रुंद झाला हे वस्तूच्या फरशीपासूनच्या अंतरावर ठरते. पण तो डोळ्याला केवढा दिसतो, हे डोळ्यापासून वस्तूपर्यंतच्या एकूण वाटेवर ठरते. सपाट फरशीवर प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. त्यामुळे दोन्ही मिळून सूत्र फारच सोपे होते. वस्तूची उंची `h` आणि डोळ्याची उंची `H` मानली, तर पुसटपणा पुढील प्रमाणात बदलतो.

```
h / (H + h)
```

वरच्याच खोलीत हे लावून पाहू. डोळा १.६ मीटरवर आहे. खुर्चीचा पाय फरशीला टेकतो तिथे उंची शून्य, म्हणून पुसटपणाही शून्य. ०.४५ मीटरवरच्या बैठकीसाठी उत्तर ०.२२ येते. ०.७५ मीटरवरच्या टेबलासाठी ०.३२ आणि २.४ मीटरवरच्या झुंबरासाठी ०.६०. आता शंकू मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २ अंश पसरतो असे धरू. फोन आडवा धरलेला आहे आणि कॅमेऱ्याला उभ्या दिशेने ६० अंशांचे दृश्य दिसते. ५४० पिक्सेल उंचीच्या प्रतिबिंबात एका अंशाला सुमारे ९ पिक्सेल येतात. त्यामुळे बैठक सुमारे ४ पिक्सेलच्या त्रिज्येत, टेबल ६ च्या आणि झुंबर ११ च्या त्रिज्येत पसरवावे लागते.

यात दिसते ते असे की, वस्तू दुप्पट उंच झाली म्हणून पुसटपणा दुप्पट होत नाही. तो आधी भरभर वाढतो आणि नंतर मंदावतो. म्हणून पहिला अर्धा मीटर महत्त्वाचा. तिथला बदल बरोबर जमला, तर छतापाशी थोडी चूक झालेली कोणाला कळत नाही. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. फार तिरके पाहताना शंकू गोल न राहता लांबट होतो आणि दिव्याचा ओघळ पाहणाऱ्याच्या दिशेने ताणला जातो. त्यासाठी पुसटपणा आडव्यापेक्षा उभ्या दिशेने जास्त ठेवतात.

पुसटपणा आणायचा कसा आणि चुकते कुठे?

प्रतिबिंबाचे चित्र काढताना प्रत्येक पिक्सेलच्या रंगासोबत त्या वस्तूची फरशीपासूनची उंचीही नोंदवून ठेवतात. रंगासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे लागतात. चौथा कप्पा बहुधा मोकळा असतो, त्यात ही उंची बसते. मग चित्रावरून दुसरी फेरी मारून प्रत्येक पिक्सेलभोवतीचे रंग त्याच्या त्रिज्येप्रमाणे मिसळतात.

ही फेरी सरळ मारली, तर ११ पिक्सेलच्या त्रिज्येसाठी २३ बाय २३ म्हणजे ५२९ पिक्सेल वाचावे लागतात, तेही प्रत्येक पिक्सेलसाठी. म्हणून ती दोन फेऱ्यांत करतात. आधी आडवे २३, मग उभे २३, एकूण ४६. एका चित्रामागची सुमारे ३४ कोटी वाचने अशी ३ कोटींवर येतात. त्रिज्या जागोजागी बदलत असल्याने ही विभागणी गणिताने काटेकोर नसते, पण डोळ्याला चालते. वरच्या हिशेबात यासाठी १ मिलिसेकंद धरला, तर एकूण खर्च १२.५ होतो.

चूक होते ती कडांवर. खुर्चीच्या रेखीव पायामागे पुसट छत दिसत असते. छताचा पिक्सेल मिसळताना ११ पिक्सेलच्या टप्प्यातला पायाचा काळा रंगही त्यात ओढला जातो आणि पायाभोवती मळकट वलय उमटते. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या पिक्सेलला त्याची स्वतःची त्रिज्या विचारणे. तो स्वतः इथपर्यंत पसरू शकत असेल तरच त्याचा रंग घ्यायचा. पायाच्या पिक्सेलची त्रिज्या जवळजवळ शून्य असल्याने तो मग बाहेर सांडत नाही.

पुसटपणामुळे खर्च वाढतो की वाचतो?

वरवर पाहता ही आणखी एक फेरी म्हणजे आणखी खर्च. प्रत्यक्षात आधीची सगळी काटकसर तिच्यामुळेच खपून जाते. झुंबर ११ पिक्सेलमध्ये पसरणार असेल, तर त्याचे लोलक काढून उपयोग नाही. चार-सहा ठळक आकार पुरतात. अर्ध्या आकाराच्या चित्रात दिसणाऱ्या पायऱ्यांसारख्या कडाही या मिसळण्यात विरतात. बारीक तपशील लागतो तो फक्त फरशीलगतच्या अर्ध्या मीटरमध्ये. म्हणजे काय वगळावे याचा निकषही उंचीच देते. उंचावरच्या वस्तूंच्या साध्या प्रती चालतात, पण खुर्च्यांचे आणि टेबलांचे पाय मुळाबरहुकूम हवेत.

‘अनरियल इंजिन’मध्ये हा विचार सेटिंगमध्येच दिसतो. तिथे प्रतिबिंबाच्या आकारासाठी `Screen Percentage` आहे आणि त्याचे मूळ मूल्य ५० आहे. `Prefilter Roughness` पुसटपणा ठरवते आणि `Prefilter Roughness Distance` तो कोणत्या अंतरावर पूर्ण व्हावा हे सांगते. कमी आकार लपवायला हा पुसटपणा उपयोगी पडतो, पण तो जास्त ठेवल्यास ग्राफिक्स प्रोसेसरवरचा भार वाढतो, असे सेटिंगच्या माहितीतच लिहिलेले आहे. फरशीच्या पातळीवर दृश्य कापण्याची सोय प्रकल्पात सुरू केली, की प्रतिबिंब दिसत नसतानाही मुख्य चित्रातला त्रिकोणांचा खर्च सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, असेही तिथे नमूद आहे. त्यामुळे एका कोपऱ्यातल्या छोट्या फरशीसाठी ही सोय सुरू करावी का, याचा विचार आधी करावा लागतो.

पाहणाऱ्याला काम जमले आहे का, हे कसे ओळखता येईल?

सर्वांत आधी खुर्चीचा पाय पाहावा. पाय आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली, तर कॅमेरा उलटा करताना फरशीची पातळी चुकलेली असते. पातळी २ सेंटिमीटर खाली धरली, तर फट दुप्पट, म्हणजे ४ सेंटिमीटरची पडते. फट नाही पण पायाचे टोकही पुसट आहे, तर उंची न पाहता सगळे चित्र सारखेच पुसट केलेले असते. झुंबराचे लोलक फरशीत मोजता येत असतील, तर दगडाऐवजी आरसा अंथरल्यासारखे वाटते, आणि त्या लोलकांवर मोबाइलचा वेळ फुकट गेलेला असतो. पायाचे टोक रेखीव, बैठक जराशी पुसट आणि झुंबराचा मऊ ओघळ अशी उतरण दिसली, तर फरशी दगडाची वाटते आणि मोबाइलचा बराच भारही वाचलेला असतो.